प्रत्येक चाचणी पास, तरी प्लेट उलट्या दिशेने तापते: म्यू चाचणीतील ब्लॉकची एक चुकलेली ओळ

भोसरीतील एका छोट्या कारखान्यात रबर मोल्डिंगच्या प्रेससाठी दोन झोनची अॅल्युमिनियम प्लेट आहे, आणि तिच्या तापमान नियंत्रणाचे गणित गेल्या वर्षी माझ्याकडे आले होते. प्रत्येक झोनखाली एक हीटर, एक एसएसआर आणि एक थर्मोकपल अशी साधी मांडणी होती. कागदावर सर्व चाचण्या समाधानकारक होत्या. प्रत्यक्षात मात्र पहिल्या झोनला 1 अंश वर आणि दुसऱ्याला 1 अंश खाली जाण्यास सांगितले की काही वेळा दोन्ही झोन मिळून वर जात, आणि मग बऱ्याच वेळाने आपापल्या जागी येत. ऑपरेटरने हे मला फोनवर सांगितले तेव्हा थर्मोकपलच्या तारांची अदलाबदल झाली असावी, असे मी बिनधास्त सांगून मोकळा झालो होतो. तारा बरोबर होत्या. चूक माझ्या एका ओळीत होती. पुढे दोन सहकाऱ्यांच्या कामात नेमकी तीच चूक आढळली, म्हणून ती सविस्तर मांडत आहे.

प्लेट आणि तिचे आकडे

हीटरला दर 1 टक्का पॉवर वाढवली की त्याच्या स्वतःच्या झोनचे तापमान अखेरीस 1 अंशाने वाढते आणि शेजारच्या झोनचे 0.9 अंशाने, कारण अॅल्युमिनियम उष्णता सहज पसरवते. टाइम कॉन्स्टंट साधारण 100 सेकंदांचा आहे. म्हणजे मॉडेल असे होते:

```
G(s) = 1/(100s+1) * [1 0.9; 0.9 1]
```

या मॅट्रिक्सच्या दोन सिंग्युलर व्हॅल्यू 1.9 आणि 0.1 आहेत. दोन्ही झोन एकत्र तापवणे सोपे आहे, पण त्यांच्यात फरक निर्माण करणे त्याच्या एकोणीस पट कठीण आहे. मी कंट्रोलर म्हणून सरळ प्लांटचा व्युत्क्रम घेतला, K = (0.05/s)·G⁻¹, त्यामुळे कागदावर दोन झोन पूर्ण वेगळे झाले आणि प्रत्येकाचा लूप 0.05/s इतका साधा उरला.

अनिश्चितता प्लांटच्या इनपुटवर धरली. हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून व्होल्टेज 10 टक्क्यांनी घसरले की पॉवर 19 टक्क्यांनी घटते आणि 10 टक्क्यांनी वाढले की 21 टक्क्यांनी वाढते. कमी फ्रीक्वेन्सीला 20 टक्के आणि वरच्या फ्रीक्वेन्सीला, जिथे विलंब आणि न मांडलेले डायनॅमिक्स येते, 200 टक्क्यांपर्यंत असे वजन घेतले: wI = (20s+0.2)/(10s+1). परफॉर्मन्सचे वजन wP = (0.5s+0.02)/s असे होते, म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा उंचवटा 2 च्या आत राहावा आणि बँडविड्थ साधारण 0.02 रेडियन प्रतिसेकंद मिळावी, अशी मागणी होती.

आता दोन सोप्या चाचण्या. अनिश्चितता नसताना परफॉर्मन्सची चाचणी |wP·S| ही कुठेही 0.5 च्या वर जात नाही. परफॉर्मन्स बाजूला ठेवून फक्त स्थिरतेची चाचणी |wI·T| ही जास्तीत जास्त 0.67 होते. दोन्ही 1 च्या बऱ्याच खाली आहेत. एक इनपुट आणि एक आउटपुट असलेल्या लूपमध्ये रोबस्ट परफॉर्मन्सचे म्यू म्हणजे या दोघांची बेरीजच असते, म्हणून ज्यांनी एकेरी लूपवर बरीच वर्षे काम केले आहे त्यांचा हात आपोआप बेरजेकडे जातो. माझाही गेला. सुमारे 0.07 ला ती बेरीज 1.14 येते, आणि "थोडेसे वर आहे, ट्यूनिंगमध्ये खाली येईल" असे वाटते.

चूक कुठे होती

रोबस्ट परफॉर्मन्स तपासताना परफॉर्मन्सची मागणीच एक काल्पनिक अनिश्चितता मानली जाते. व्यत्यय येतो ती जागा आणि चूक मोजली जाते ती जागा यांच्यामध्ये एक पूर्ण कॉम्प्लेक्स ब्लॉक जोडला जातो आणि मग खऱ्या ब्लॉकांसह त्या सर्वांसाठी मिळून स्थिरता तपासली जाते. त्यासाठी म्यू वापरतात: दिलेल्या रचनेतील सर्वांत लहान असा Δ शोधायचा, ज्याने det(I − NΔ) शून्य होईल, आणि त्याच्या आकाराचा व्यस्त म्हणजे म्यू. ही व्याख्या जॉन डॉयल यांनी 1982 साली मांडली. या व्याख्येतील "दिलेल्या रचनेतील" हे शब्द वाचताना सहज निसटतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो, कारण रचना बदलली की तोच N वेगळा आकडा देतो.

मी लिहिलेला कोड मुळात असा होता:

```matlab
G0 = [1 0.9; 0.9 1];  I2 = eye(2);
w  = logspace(-3,0,300);
N  = zeros(4,4,300);
for k = 1:300
  s  = 1j*w(k);
  G  = G0/(100*s+1);
  S  = s/(s+0.05);   T = 1-S;
  wI = (20*s+0.2)/(10*s+1);
  wP = (0.5*s+0.02)/s;
  N(:,:,k) = [-wI*T*I2, -wI*T*inv(G); wP*S*G, wP*S*I2];
end
M = frd(N,w);
b = mussv(M,[2 0; 2 2]);
norm(b(1,1),inf)
```

शेवटून दुसरी ओळ पाहा. `mussv` मध्ये `[2 0]` याचा अर्थ दोन वेगळे ब्लॉक असा होत नाही. एकच कॉम्प्लेक्स संख्या दोनदा आली आहे, असा होतो. मी "दोन इनपुट आहेत, म्हणून 2" एवढाच विचार केला होता. त्या ओळीने मी प्रत्यक्षात असे सांगत होतो की दोन्ही हीटर नेहमी एकाच वेळी, एकाच दिशेने आणि एकाच प्रमाणात चुकतात. तसे झाले तर G·δI·G⁻¹ म्हणजे पुन्हा δI, प्लांटची दिशा पूर्ण रद्द होते आणि उत्तर एकेरी लूपसारखे म्हणजे 1.14 येते. माझ्या मनातील बेरजेशी तो आकडा तंतोतंत जुळला आणि मी समाधानाने पुढे गेलो, खरे तर ते जुळणेच संशयास्पद होते.

प्रत्यक्षात पहिला झोन आर फेजवर होता आणि दुसरा वाय फेजवर. शेजारच्या गाळ्यातील वेल्डिंग एकाच फेजवर चालत असे, म्हणून एक फेज घसरत असताना दुसरी वर असू शकत होती. दोन चुका स्वतंत्र होत्या, आणि योग्य ओळ अशी हवी होती:

```matlab
b = mussv(M,[1 1; 1 1; 2 2]);
```

इथे प्रत्येक हीटरसाठी एक 1×1 ब्लॉक आणि परफॉर्मन्ससाठी एक 2×2 पूर्ण ब्लॉक आहे. याचे उत्तर 2.59, सुमारे 0.08 रेडियन प्रतिसेकंदाला. तोच N, त्याच फ्रीक्वेन्सी, फक्त एक ओळ बदलली आणि आकडा दुपटीहून मोठा झाला.

हे हाताने पडताळता येते. या प्लेटसाठी R = |wI·T| आणि P = |wP·S| असे लिहिले तर म्यूचा वर्ग R² + P² + R·P·(19 + 1/19) इतका येतो, जिथे 19 म्हणजे 1.9 भागिले 0.1. फ्रीक्वेन्सी 0.08 ला R = 0.667 आणि P = 0.474, म्हणून बेरीज 6.70 आणि वर्गमूळ 2.59. एकेरी लूपमध्ये 19 च्या जागी 1 असतो आणि सूत्र (R+P)² एवढे आकुंचन पावते. R आणि P दोन्ही लहान असूनही त्यांच्या गुणाकाराला एकोणीसने गुणले जाते, आणि दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या पास होऊनही जोडीने नापास होण्याचे कारण एवढेच आहे. उच्च शुद्धतेच्या डिस्टिलेशन कॉलमवर स्कोगेस्टाड, मोरारी आणि डॉयल यांनी 1988 साली जे दाखवले ते याच जातीचे आहे. तिथे कंडिशन नंबर 140 च्या वर असल्याने आकडा आणखी भयंकर होता.

आकडा खरा आहे का, याची पाच मिनिटांची तपासणी

म्यूवर आंधळा विश्वास ठेवण्याऐवजी, सर्वांत वाईट जोडी हाताने बसवून पाहावी. पहिला हीटर 20 टक्के जास्त देतो आणि दुसरा 20 टक्के कमी, असे धरा. पहिल्या झोनला +1 आणि दुसऱ्याला −1 अंश हवा असेल तर कंट्रोलर अखेरीस हीटरना +10 आणि −10 टक्के सांगतो. हीटर प्रत्यक्षात +12 आणि −8 देतात. G0 ने गुणले की पहिल्या झोनला 12 − 7.2 = 4.8 अंश आणि दुसऱ्याला 10.8 − 8 = 2.8 अंश. हवा होता +1 आणि −1. झोनमधला फरक बरोबर 2 अंशच राहिला, मात्र दोन्ही मिळून 3.8 अंशांनी वर गेले.

फीडबॅक हे दुरुस्त करतो, पण लगेच नाही. लूपचे पोल 0.06 आणि 0.04 ला सरकतात, म्हणून स्थिरतेला काहीच धोका नाही, आणि स्थिरतेची चाचणी 0.67 येण्यात काहीही खोटे नव्हते. स्टेप दिल्यावर 20 सेकंदांनी पहिला झोन +2.03 अंशावर असतो आणि दुसरा, जो −0.63 वर असायला हवा, तो +0.78 वर असतो. ऑपरेटर फोनवर जे सांगत होता ते हेच.

रचना चुकली आहे का हे ओळखण्यासाठी मी आता एकच N तीन रचनांतून चालवतो. पहिली `[2 0; 2 2]`, दुसरी `[1 1; 1 1; 2 2]`, आणि तिसरी `[4 4]`, म्हणजे काहीच रचना नाही. तिसरीचे उत्तर साधी सर्वांत मोठी सिंग्युलर व्हॅल्यू असते. प्लेटसाठी 0.08 ला ती 53.8 येते. आता इनपुट टक्क्यांऐवजी 0 ते 1 या अपूर्णांकात मोजा, म्हणजे G शंभरपट होतो, आणि त्याच फ्रीक्वेन्सीला तीच सिंग्युलर व्हॅल्यू 11.2 होते. प्लेट तीच, कंट्रोलर तोच, फक्त एकक बदलले. दुसऱ्या रचनेचे 2.59 मात्र दोन्ही वेळा तसेच राहते, कारण म्यूची वरची मर्यादा काढताना प्रत्येक ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना D आणि D⁻¹ लावून एककांचा हा खेळ आधीच संपवलेला असतो. तुमचा आकडा एककांसोबत बदलत असेल तर कुठे तरी स्वतंत्र ब्लॉक एका मोठ्या पूर्ण ब्लॉकमध्ये विरघळले आहेत. आणि तो R + P च्या बेरजेशी नेमका जुळत असेल तर वेगळे ब्लॉक एकाच पुनरावृत्त संख्येत बांधले गेले आहेत.

प्रामाणिकपणे सांगायचे तर दोन हीटरचे `[1 1; 1 1]` ऐवजी एकच पूर्ण `[2 2]` लिहिले असते तरी या प्लेटसाठी उत्तर 2.59 च आले असते, कारण प्लेट दोन्ही बाजूंनी सममित आहे आणि हीटरवर वेगवेगळी वजने लावून कंडिशन नंबर 19 च्या खाली आणता येत नाही. हा योगायोग आहे, नियम नव्हे. सममित नसलेल्या प्लांटमध्ये पूर्ण ब्लॉक अकारण भीतीदायक आकडा देऊ शकतो.

परफॉर्मन्सचा ब्लॉक मात्र पूर्णच हवा. त्याला `[1 1; 1 1]` असे तोडले तर पहिल्या झोनच्या व्यत्ययाचा दुसऱ्या झोनच्या चुकीवर होणारा परिणाम थेट तपासला जात नाही, आणि आपला खरा त्रास तोच आहे. तो ब्लॉक वास्तव संख्यांचा (`[-1 0]`) करण्याचा तर प्रश्नच नाही. हीटरच्या ब्लॉकांबाबत तो मोह होतो, कारण गेनची चूक वास्तव असते. पण माझ्या wI मध्ये विलंबही मिसळलेला आहे, आणि विलंबाला फेज असतो, म्हणून ते कॉम्प्लेक्सच ठेवले.

वरची आणि खालची मर्यादा यांच्यातील अंतराला दोष देण्याची एक सवय असते. इथे ती पळवाट नाही: पुनरावृत्ती नसलेले तीन किंवा त्याहून कमी पूर्ण कॉम्प्लेक्स ब्लॉक असतील तर वरची मर्यादा म्हणजे म्यूच. उद्या मी दोन्ही थर्मोकपलच्या अनिश्चिततेचे ब्लॉक जोडले तर ही हमी जाईल, आणि तेव्हा `b(1,2)` म्हणजे खालची मर्यादाही पाहावी लागेल.

2.59 चा अर्थ

हा आकडा वाचतानाही गल्लत होते. "म्यू 2.59, म्हणजे सर्वांत वाईट वेळी चूक मागणीच्या 2.59 पट" असे नाही. म्यूमध्ये अनिश्चितता आणि मागणी दोन्ही एकाच प्रमाणात ताणले जातात. म्हणून अर्थ असा की अनिश्चितता ठरवलेल्या आकाराच्या 1/2.59, म्हणजे साधारण 39 टक्क्यांपर्यंतच खाली आणली, तेव्हा कुठे चूक मागणीच्या 2.59 पटींत राहते. अनिश्चितता पूर्ण 100 टक्के ठेवून विचारले तर उत्तर वेगळे आहे. त्यासाठी फक्त परफॉर्मन्सच्या ओळींना k ने भागून म्यू 1 होईपर्यंत k वाढवायचा. वरच्या सूत्रात P ऐवजी P/k घातले की 0.07 ला k साधारण 11 येतो. मॅटलॅबमध्ये `wcgain` हाच प्रश्न सोडवते. 2.59 पाहून "अडीचपट, चालवून घेऊ" असे म्हणणाऱ्याला 11 हा आकडा वेगळा दिसतो.

काय बदलले

पहिला बदल म्हणजे व्युत्क्रम काढून टाकला. दोन झोनना दोन स्वतंत्र सारखे पीआय कंट्रोलर दिले, गेन असा ठेवला की दोन्ही झोन मिळून तापण्याच्या दिशेचा लूप पूर्वीसारखा 0.05/s राहील. फरकाच्या दिशेचा लूप त्यामुळे एकोणीसपट संथ झाला, म्हणून त्या दिशेची बँडविड्थची मागणी 0.02 वरून 0.001 वर आणावी लागली. मोल्डिंगला हे चालते, कारण झोनमधला फरक शिफ्टमध्ये एखाद्या वेळीच बदलतो. योग्य रचनेसह 0.08 चा आकडा 2.59 वरून 1.14 वर आला.

पण उंचवटा गेला नाही, सरकला. अगदी कमी फ्रीक्वेन्सीला म्यू 1.31 राहिले, आणि व्युत्क्रमाच्या कंट्रोलरलाही तिथे हाच आकडा मिळत होता. इंटिग्रेटर असलेला कोणताही कंट्रोलर तिथे T = I करतो आणि K·S शेवटी G⁻¹ च होतो, म्हणून प्लांटची दिशा कंट्रोलरच्या निवडीने झाकता येत नाही. तिथे R = 0.2, P = 0.4, सूत्रात घातले की 1.31. हे 1 च्या खाली आणायचे तर R साधारण 0.11 च्या खाली हवे, म्हणजे हीटरच्या गेनची चूक 20 टक्क्यांऐवजी 10 टक्क्यांत बसवायला हवी. तेवढे कंट्रोलरने नव्हे, वायरमनने केले: दोन्ही झोन एकाच फेजवर घेतले आणि दोन्ही एसएसआरची पॉवर मीटरने मोजून प्रोग्राममध्ये गुणक भरले. व्होल्टेजची चूक आता बहुतांशी दोन्ही हीटरना सारखी लागते, आणि स्वतंत्र उरलेली चूक 10 टक्क्यांत बसते. ही 10 टक्के पूर्णपणे स्वतंत्र धरूनही कमी फ्रीक्वेन्सीचा आकडा 0.97 आला.

आता सर्वांत मोठा आकडा पुन्हा 1.14 आहे, 0.07 च्या आसपास, दोन्ही झोन मिळून तापण्याच्या दिशेत. या वेळी तो `[1 1; 1 1; 2 2]` मधून आलेला आहे आणि त्या दिशेत लूप खरोखरच एकेरी असल्यामुळे बेरजेइतका आहे. तो खाली आणण्यासाठी वरच्या फ्रीक्वेन्सीची मागणी किंचित सैल करणे बाकी आहे, आणि ऑपरेटरकडून गेल्या दोन महिन्यांत फोन आलेला नाही.